दुप्पट करा, बिट उचला

पूर्ण संख्या बायनरीत नेण्याची रीत बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते. दोनने भागत जायचे, उरलेली बाकी बाजूला मांडायची आणि शेवटी सगळ्या बाक्या खालून वर वाचायच्या. घोळ होतो तो दशांशचिन्हाच्या उजवीकडचा भाग समोर आला की. तिथे भागायचे नसते, दुप्पट करायचे असते. बाकी पाहायची नसते, डावीकडे उसळून आलेला अंक पाहायचा असतो. आणि वाचायचे असते वरून खाली. हे तीनही फरक नुसते पाठ केले तर परीक्षेच्या दिवशी हमखास उलटेपालटे होतात. त्यामागचे कारण एकदा समजून घेतले, तर पाठ करण्यासारखे काही उरत नाही.

आधी उदाहरण सोडवू. ०.६२५ ही संख्या घ्या आणि तिची दुप्पट करा. उत्तर १.२५. दशांशचिन्हाच्या डावीकडे १ आला, तो पहिला बिट म्हणून लिहून घ्या आणि पुढच्या पायरीला फक्त ०.२५ न्या. त्याची दुप्पट ०.५. या वेळी डावीकडे ० आहे, म्हणून दुसरा बिट ०. आता ०.५ ची दुप्पट करा, १.० मिळतात. तिसरा बिट १, आणि उजवीकडे काहीच उरले नाही, म्हणून इथे थांबायचे. वहीत ते असे दिसेल:

०.६२५ × २ = १.२५ → १
०.२५ × २ = ०.५ → ०
०.५ × २ = १.० → १

वरून खाली वाचा: १, ०, १. म्हणून ०.६२५ चे बायनरी रूप ०.१०१. ताळा करायचा तर प्रत्येक स्थानाची किंमत आठवा. बिंदूनंतरचे पहिले स्थान अर्ध्याचे, दुसरे पावाचे, तिसरे एक अष्टमांशाचे. आपल्याकडे पहिल्या आणि तिसऱ्या स्थानी १ आहे, म्हणजे ०.५ अधिक ०.१२५, बेरीज ०.६२५. उत्तर बरोबर.

दुप्पट केल्याने बिट का मिळतो, हे समजायला जुने आणे फार उपयोगी पडतात. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचा होता, आणि त्याची मोड निम्म्या-निम्म्याने होत असे: अधेली आठ आण्यांची, पावली चार आण्यांची, चवली दोन आण्यांची, आणि शेवटी सुटा आणा. म्हणजे रुपयाचा अर्धा, पाव, अष्टमांश आणि षोडशांश. बायनरी बिंदूच्या उजवीकडची पहिली चार स्थाने नेमकी हीच. ०.६२५ रुपया म्हणजे दहा आणे. प्रश्न असा, की प्रत्येक जातीचे जास्तीत जास्त एकच नाणे वापरून दहा आणे द्यायचे तर कोणती नाणी लागतील?

पहिला प्रश्न अधेलीचा: रक्कम निदान अर्धा रुपया आहे का? हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारता येतो: रक्कम दुप्पट केली तर तिच्यातून एक पूर्ण रुपया निघतो का? दहा आण्यांची दुप्पट वीस आणे, म्हणजे एक रुपया चार आणे. रुपया निघाला, म्हणून अधेली हवी, बिट १. तो रुपया बाजूला ठेवला, उरले चार आणे. पण लक्षात घ्या, ही उरलेली रक्कम आधीच दुप्पट झालेली आहे. खरी बाकी दोन आण्यांची होती, ती आता चार आण्यांची दिसते आहे. म्हणून पावलीचा प्रश्न विचारायलाही तीच कसोटी पुरते: दुप्पट करा आणि रुपया निघतो का ते पाहा. चार आण्यांचे आठ आणे झाले, रुपया निघाला नाही, पावली नको, बिट ०. पुन्हा दुप्पट केल्यावर सोळा आणे, म्हणजे बरोबर एक रुपया. चवली हवी, बिट १, उरले शून्य. अधेली आणि चवली मिळून दहा आणे झालेच.

दर पायरीला नाणे निम्मे होत जाते. ते निम्मे करत बसण्याऐवजी आपण रक्कमच दुप्पट करतो आणि एकाच रुपयाशी तुलना करत राहतो. रीत एवढीच आहे. वाचनाचा क्रमही यातूनच ठरतो. सर्वांत मोठे नाणे पहिल्या पायरीला मिळते, म्हणून पहिला बिट बिंदूला चिकटून बसतो आणि पुढचे त्याच्या उजवीकडे ओळीने येतात. पूर्ण संख्येला दोनने भागताना पहिली बाकी एककाची, म्हणजे सर्वांत लहान स्थानाची असते, म्हणून तिथे खालून वर वाचावे लागते.

आता एक गोष्ट शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी दोघांनीही ध्यानात घ्यावी. ०.६२५ हे उदाहरण सोपे म्हणून सगळीकडे वापरले जाते, पण त्यात मोठी उणीव आहे. १०१ उलटे वाचले तरी १०१ च राहते. खालून वर वाचण्याची सवय लागलेल्या मुलाचे उत्तरही बरोबर येते, त्याला पूर्ण गुण मिळतात, आणि चूक तशीच पुढच्या वर्गात जाते. म्हणून या उदाहरणावर थांबू नका. लगेच ०.८१२५ घ्या:

०.८१२५ × २ = १.६२५ → १
०.६२५ × २ = १.२५ → १
०.२५ × २ = ०.५ → ०
०.५ × २ = १.० → १

उत्तर ०.११०१. पहिल्या पायरीनंतर आपण पुन्हा ०.६२५ वरच आलो, त्यामुळे नवे कष्ट एका ओळीचेच. पण हे उत्तर उलटे वाचले तर ०.१०११ होते, आणि त्याची किंमत ०.५ अधिक ०.१२५ अधिक ०.०६२५, म्हणजे ०.६८७५ भरते. ताळा लगेच चूक पकडतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे डावीकडचा १ न सोडता पुढे नेणे. १.२५ ची दुप्पट २.५, मग ५... अशी गाडी घसरते. ही चूक ओळखणे सोपे आहे: डावीकडे ० किंवा १ सोडून दुसरा कोणताही अंक दिसला, की मागच्या ओळीत १ काढायचा राहिला आहे. एकापेक्षा लहान संख्येची दुप्पट दोनपेक्षा लहानच असणार, त्यामुळे २ किंवा ३ येण्याचा प्रश्नच नाही. तिसरी चूक अधिक गुपचूप होते. ०.२५ ची दुप्पट ०.५ आल्यावर ‘काही निघाले नाही’ म्हणून मुले तिथे काहीच लिहीत नाहीत आणि उत्तर ०.११ होते. ते तर पाऊण झाले! शून्यही बिटच आहे. ते स्थान धरून ठेवते, म्हणून प्रत्येक दुप्पटीमागे एक अंक लिहिलाच पाहिजे. तीन ओळी असतील तर तीन बिट, चार असतील तर चार.

संख्येत पूर्ण भागही असेल तर दोन्ही कामे वेगळी करा. १३.६२५ मधल्या १३ ला दोनने भागून ११०१ मिळतात, ०.६२५ ला दुप्पट करून १०१ मिळतात, आणि बिंदूच्या दोन बाजूंना ते ठेवले की ११०१.१०१ तयार. दोन्ही भाग एकत्र रेटायचा प्रयत्न करू नये.

यापुढे येतो या विषयातला सर्वांत मोलाचा प्रश्न: ही दुप्पट कधी तरी संपेल का? ०.६२५ तीन पायऱ्यांत संपले. पण ०.१ घेऊन पाहा:

०.१ × २ = ०.२ → ०
०.२ × २ = ०.४ → ०
०.४ × २ = ०.८ → ०
०.८ × २ = १.६ → १
०.६ × २ = १.२ → १
०.२ × २ = ०.४ → ०

सहाव्या ओळीला आपण पुन्हा ०.२ ची दुप्पट करतो आहोत, जी दुसऱ्या ओळीत केली होती. म्हणजे इथून पुढे तेच चार बिट फिरून फिरून येणार: ०.०००११००११००११... दशांशात एका अंकात मावणारी संख्या बायनरीत कधीच संपत नाही. आण्यांतही हीच अडचण होती. दहा नवे पैसे म्हणजे १.६ आणे, आणि तेवढी रक्कम अधेली-पावली-चवली-आणा यांनी नेमकी चुकती करता येत नाही.

कोणती संख्या संपेल आणि कोणती नाही, हे आवर्तनाची वाट न पाहता सांगता येते का? येते. त्याची खूण प्रत्येक ओळीतल्या संख्येच्या शेवटच्या अंकात असते. ०.६२५, ०.२५, ०.५ ही उतरंड पुन्हा पाहा. दर वेळी एक अंक गळतो आहे. शेवटचा अंक ५ असेल तर त्याची दुप्पट १०, म्हणजे शेवटी शून्य, आणि दशांशचिन्हानंतरचे शेवटचे शून्य सोडून देता येते. संख्या एका अंकाने आखूड झाली. शेवटचा अंक ५ नसेल (आणि शेवटची शून्ये आधीच खोडलेली असतील) तर त्याची दुप्पट शून्यावर संपत नाही आणि एकही अंक गळत नाही. शिवाय दुप्पट केलेल्या संख्येचा शेवटचा अंक सम असतो, २, ४, ६ किंवा ८. त्याची पुन्हा दुप्पट केली तरी तो याच चौघांत राहतो, ५ किंवा ० कधी होत नाही. म्हणजे एकदा गळती थांबली की ती कायमची थांबली. मांडणी करताना ज्या ओळीत शेवटचा अंक ५ नाही ती ओळ आली, की तिथेच समजावे: ही संख्या संपणार नाही.

०.१५ पाहा. शेवटी ५ आहे, पहिल्या दुप्पटीला ०.३ होते, एक अंक गळला. पण आता शेवटी ३ आहे. खेळ तिथेच थांबला, पुढे आवर्तनच. उलट, संख्या संपणारी असेल तर दर पायरीला बरोबर एक अंक गळतो, म्हणून बिंदूनंतर जितके दशांश अंक, तितकेच बिट. ०.६२५ ला तीन अंक, तीन बिट. ०.८१२५ ला चार अंक, चार बिट. उत्तराची लांबी यापेक्षा वेगळी आली तर कुठे तरी ओळ सुटली आहे किंवा जास्तीची झाली आहे. हा ताळा पुस्तकांत क्वचितच दिसतो, पण क्षणात करता येतो आणि माझ्या मते तो प्रत्येकाने वापरावा.

अपूर्णांकाच्या भाषेत हेच सांगायचे तर, ०.६२५ म्हणजे ६२५ छेद १०००, संक्षिप्त रूपात पाच अष्टमांश. छेदात फक्त दोनचे घात उरले म्हणून संख्या संपली. एक दशांशाच्या छेदात पाच शिल्लक राहतो, आणि निम्म्या-निम्म्याने तोडत गेल्यावर पाचाचे भाग कधीच हाती येत नाहीत.

आवर्तन किती लांब असेल, याचाही अंदाज ठेवा. दुप्पट करता करता बिंदूनंतर एकच अंक उरला आणि तो ५ नसला, तर ०.२, ०.४, ०.८, ०.६ हेच चक्र लागते आणि चार बिटांनी पुनरावृत्ती दिसते. दोन अंकांवर अडकलेल्या संख्येचे, उदाहरणार्थ ०.०१ चे, चक्र वीस बिटांचे असते. तीन अंकांवर अडकले तर शंभर बिटांचे. त्यामुळे वहीत चक्र सापडण्याची वाट पाहत बसू नये. प्रश्नात किती बिट मागितले आहेत ते पाहून तिथे थांबावे.

थांबताना मात्र एक बिट जास्त काढावा. ०.१ आठ बिटांत हवा असेल तर पहिले आठ बिट ०.०००११००१ असे येतात. इथेच छाटले तर किंमत २५ छेद २५६, म्हणजे ०.०९७६५६२५ होते. पण नववा बिट १ आहे, म्हणजे सोडून दिलेला भाग शेवटच्या स्थानाच्या निम्म्याहून कमी नाही. म्हणून शेवटच्या स्थानी १ मिळवायचा: ०.०००११०१०, किंमत २६ छेद २५६, म्हणजे ०.१०१५६२५. छाटलेल्या उत्तरात सुमारे ०.००२३ ची तूट होती, आता सुमारे ०.००१६ ची वाढ आहे. दोन्ही चुकीचेच, पण दुसरे जवळचे.

बिटांची संख्या आधीच ठरलेली असेल तर हे सगळे एका गुणाकारात उरकते. आठ वेळा दुप्पट करणे म्हणजे २५६ ने गुणणे. ०.१ गुणिले २५६ बरोबर २५.६, जवळचा पूर्णांक २६, त्याचे बायनरी ११०१०, आणि डावीकडे शून्ये भरून आठ अंक पुरे केले की ०००११०१०. ०.६२५ साठी तीन बिट हवेत तर ८ ने गुणा, ५ मिळतात, म्हणजे १०१. फक्त डावीकडची शून्ये भरायला विसरू नका. ०.०६२५ ला १६ ने गुणले की १ मिळतो, पण उत्तर ०.१ नसून ०.०००१ आहे.

छाटलेल्या बिटांचे परिणाम कुठवर जातात याचे एक दुःखद उदाहरण नोंदलेले आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेला येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ अमेरिकन सैनिक मृत्युमुखी पडले. ती यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत होती आणि त्याचे सेकंद करण्यासाठी ०.१ ही संख्या २४ बिटांच्या जागेत छाटून ठेवलेली होती. एका मोजणीमागे चूक सुमारे ०.०००००००९५ सेकंदाची. पण यंत्रणा जवळजवळ शंभर तास सलग चालू होती. तेवढ्या वेळात ३६ लाख मोजण्या होतात, आणि चूक साठून सुमारे ०.३४ सेकंदाची झाली. स्कड तेवढ्या अवधीत अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापते.

घरी संगणक असेल तर पायथनमध्ये ही रीत सहा ओळींत चालवून पाहता येते:

```
x = 0.8125
while x:
    x *= 2
    b = int(x)
    print(b, end="")
    x -= b
```

यातून 1101 छापले जाईल. आता पहिल्या ओळीत 0.1 घालून चालवा. चक्र कधीच संपू नये, असे आपण नुकतेच सिद्ध केले, तरी आज्ञावली ५५ बिट छापून थांबते. यात आपल्या गणिताचा दोष नाही. दुप्पट करणे आणि १ वजा करणे या दोन्ही क्रिया संगणक इथे अगदी बिनचूक करतो. चूक त्याआधीच, 0.1 साठवतानाच झालेली असते, कारण सर्वसाधारण दशांश संख्येसाठी त्याच्याकडे ५३ महत्त्वाच्या बिटांचीच जागा असते. प्रत्यक्षात काय साठवले आहे ते असे विचारता येते:

```
>>> (0.8125).as_integer_ratio()
(13, 16)
>>> (0.1).as_integer_ratio()
(3602879701896397, 36028797018963968)
```

०.८१२५ नेमका १३ छेद १६ आहे. पण दुसऱ्या उत्तरात अंशाला दहाने गुणले तर शेवट ९७० होतो आणि छेदाचा शेवट ९६८ आहे. दोनाचा फरक राहिला, म्हणजे साठवलेली संख्या एक दशांश नाही, त्याहून किंचित मोठी आहे. पायथनमध्ये 0.1 + 0.2 लिहिल्यावर 0.30000000000000004 दिसते, त्याचे मूळ अशाच साठवणीत आहे. म्हणून रुपये-पैशांचा हिशेब करणारी आज्ञावली लिहाल तेव्हा रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा, आणि दोन दशांश संख्या तंतोतंत समान आहेत का, असे विचारणे टाळा.

सरावासाठी ०.४०६२५ आणि ०.३५ या दोन संख्या घ्या. सोडवण्याआधी संक्षिप्त अपूर्णांकाचा छेद पाहून कोणती संपेल आणि किती बिटांत, ते वहीच्या कडेला लिहा, मगच दुप्पट करायला लागा. पहिलीचे उत्तर पाच बिटांत ०.०११०१ येते. दुसरी ०.०१ नंतर ०११० या चार बिटांच्या चक्रात शिरते.